फेस स्वॅप नीट बसलाय, तरी माणूस ‘तो’ वाटत नाही : डोकंच बदलायची वेळ कधी येते

अंधेरी-गोरेगाव पट्ट्यात मालिकांचं आणि जाहिरातींचं पोस्ट-प्रॉडक्शनचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, ही तक्रार ओळखीची निघेल. बॉडी डबलवर कलाकाराचा चेहरा लावलेला असतो. ट्रॅकिंग पक्कं, रंग जुळलेला, कडा मऊ, ओठांची हालचालही ठीक. शॉट दिग्दर्शकाकडे जातो आणि तिकडून उत्तर येतं, “नाक-डोळे तिचेच आहेत रे, पण ही तिची मावसबहीण वाटते.” मग आर्टिस्ट चेहरा बनवणाऱ्या मॉडेलला आणखी ट्रेनिंग देतो, शार्पनेस वाढवतो, त्वचेचा पोत सुधारतो. शॉट परत जातो आणि पुन्हा तोच शेरा घेऊन येतो.

असा शेरा दुसऱ्यांदा आला की मी चेहऱ्यावरचं काम थांबवायला सांगतो. बिघाड बहुतेक वेळा चेहऱ्यात नसतो, चेहऱ्याभोवती असतो. फेस स्वॅपने चेहऱ्याभोवतीचं काहीच बदलत नाही. तिथे हेड स्वॅप लागतो, म्हणजे केस, कान, कपाळ, जबड्याची कड आणि बरेचदा मानसुद्धा बदलावी लागते. पण डोकं बदलणं महाग पडतं, म्हणून त्याची खरोखर गरज आहे का हे आधी ठरवायचं.

आधी हे बघा की शॉटमध्ये नेमकं काय बदललंय

हे विचारायची गरज पडते, कारण शॉट अर्धवट अवस्थेत हातोहात फिरत असतात. एका स्टुडिओने काही केलेलं असतं, दुसऱ्याकडे ते दुरुस्तीला येतं, आणि सोबतच्या मेलमध्ये फक्त “फेस रिप्लेसमेंट डन” एवढंच लिहिलेलं असतं. निर्मितीच्या बाजूचे लोक दोन्ही प्रकारांना एकाच नावाने हाक मारतात, त्यांच्या शब्दावर जाऊ नका.

मूळ प्लेट, म्हणजे कुठलाही बदल करण्याआधीचा शॉट, हाताशी असेल तर तर्क लढवायचं कारणच नाही. मूळ शॉट आणि बदललेला शॉट एकावर एक ठेवून फरक काढायचा. न्यूक या कॉम्पोझिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मर्जचं ऑपरेशन `difference` करा आणि पुढे ग्रेड लावून गेन वाढवा, आफ्टर इफेक्ट्समध्ये वरच्या लेयरचा ब्लेंडिंग मोड `Difference` करा. निर्मितीच्या समन्वयकाकडे यातलं काहीच नसेल, तर साध्या लॅपटॉपवर मोफत मिळणाऱ्या ffmpeg नेही हे जमतं:

```
ffmpeg -i plate.mov -i comp.mov -filter_complex "[0:v]format=gbrp[a];[1:v]format=gbrp[b];[a][b]blend=all_mode=difference,lutrgb=r=val*6:g=val*6:b=val*6,format=yuv420p" diff.mp4
```

दोन्ही फाइल्स एकाच फ्रेमपासून सुरू होणाऱ्या, एकाच मापाच्या आणि ग्रेडिंगच्या आधीच्या हव्यात, नाहीतर सगळी चौकट उजळून निघेल. जिथे काहीच बदललेलं नाही तिथे काळं दिसतं. भुवयांच्या थोडं वरून हनुवटीपर्यंत एक उजळ लंबगोल आणि बाहेर सगळं काळं असेल, तर तो फेस स्वॅप. केसांसकट सगळं डोकं उजळलं असेल आणि त्याच्या बाहेरही एखादा पट्टा चमकत असेल, तर तो हेड स्वॅप. बाहेरचा हा पट्टा महत्त्वाचा आहे. जुन्या डोक्याचे केस नव्याच्या बाहेर डोकावत होते, ते काढून तिथली पार्श्वभूमी नव्याने भरावी लागली, असा त्याचा अर्थ. फेस स्वॅपमध्ये पार्श्वभूमीला हात लावायची वेळच येत नाही.

प्लेट नसेल तर कान बघा. माणसामाणसात कानाची घडण बरीच वेगळी असते, पाळी गालाला चिकटलेली किंवा सुटी, वरची कड जाड किंवा पातळ, आणि फेस स्वॅप कानाला शिवत नाही. कलाकाराचा एखादा खात्रीचा फोटो शेजारी ठेवा. चेहरा तिचा आणि कान दुसरीचा निघाला, तर प्रश्न तिथेच मिटला. कान केसांत लपलेला असेल तर भुवया आणि केसांची रेघ यांच्यामधली कपाळाची पट्टी बघा. फेस स्वॅपचा मास्क, म्हणजे नवा चेहरा जेवढ्या भागात चिकटवला जातो त्याची सीमा, बहुधा याच पट्टीत विरते, म्हणून तिथे त्वचेचा पोत बदलतो, आणि डोकं हललं की खालचं कपाळ आणि वरचं कपाळ किंचित वेगळ्या लयीत सरकताना दिसतं. हेड स्वॅपमध्ये हा भाग स्वच्छ असतो, चूक खाली किंवा बाहेर सापडते: मानेवर एक शिवण, गळ्याच्या आणि गालाच्या रंगात फरक, किंवा केसांच्या कडेला खिडकीच्या उजेडात चमकणारी बारीक रेघ.

आणखी एक खूण म्हणजे चेहऱ्यासमोरून जाणारा हात. पदर सावरताना, घाम टिपताना बोटं गालासमोरून जातात, आणि कच्च्या फेस स्वॅपमध्ये त्या क्षणी बोटांच्या टोकांवर गालाची त्वचा चढते किंवा चेहरा दोन-तीन फ्रेम लुकलुकतो. संवादाचा शॉट असेल तर असा क्षण एकदा तरी येतोच.

चेहरा तिचा असूनही ओळख का पटत नाही

फोटोवरून चेहरा लावणारी बरीचशी साधनं ज्या `inswapper_128.onnx` मॉडेलवर चालतात, त्याचं उदाहरण घेऊ. ते आधी दोन डोळे, नाकाचं टोक आणि ओठांचे दोन कोपरे असे पाच बिंदू शोधतं. ते बिंदू ठरलेल्या जागी बसावेत अशा रीतीने चेहरा फिरवून, लहान-मोठा करून १२८ बाय १२८ पिक्सेलच्या चौकटीत आणतं. त्या चौकटीत नवा चेहरा तयार होतो आणि मऊ कडेच्या मास्कमधून मूळ चित्रात परत चिकटवला जातो. आता कलाकाराची हाडं डबलपेक्षा रुंद असली तर काय होईल? डोळ्यांमधलं अंतर डबलच्या डोळ्यांवर बसवलं जातं, गालाचा शेवट डबलच्या गालावर होतो, कपाळाची उंची डबलची राहते. नाक-डोळे कलाकाराचे, पण ते ज्या आकारात बसलेत तो आकार परका. ट्रेनिंग कितीही वाढवा, मास्कच्या बाहेरची हाडं जागची हलत नाहीत.

हा आकार किती बोलतो, याचं सर्वांत गमतीदार उदाहरण १९९६ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं. पवन सिन्हा आणि तोमासो पोज्जिओ या संशोधकांनी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन आणि उपाध्यक्ष अल गोर शेजारी उभे असल्याचं एक छायाचित्र दाखवलं. बघणाऱ्याला एक क्लिंटन आणि एक गोर दिसतो. प्रत्यक्षात दोघांच्या चेहऱ्याचा आतला भाग एकच होता: गोर यांच्या डोक्यात क्लिंटन यांचे नाक, डोळे आणि तोंड बसवलेले होते. केस आणि डोक्याची बाह्यरेषा यांच्या जोरावर लोकांनी त्या माणसाला गोर म्हणून स्वीकारलं. तुमच्या शॉटमध्ये डबलची बाह्यरेषा नेमकं हेच करत असते, फक्त तुमच्या विरोधात.

इथे एक मेख आहे. १९७९ मध्ये एलिस, शेफर्ड आणि डेव्हिस यांनी दाखवलं की ओळखीचा चेहरा आपण आतल्या भागावरून जास्त चांगला ओळखतो, बाहेरच्या भागावरून कमी. अनोळखी चेहऱ्यांबाबत मात्र असा फरक आढळला नाही. पोस्टमध्ये काम करणारा माणूस आठवडाभर कलाकाराचे डोळे आणि ओठ मोठे करून बघत असतो, त्यामुळे आतला भाग बरोबर असला की त्याचं समाधान होतं. दिग्दर्शकाला ती रोज सेटवर चालता-फिरताना, पाठमोरी, बाजूने दिसते. नव्या मालिकेच्या प्रेक्षकाला तर ती अजून नीट माहीतच नसते, तो अंबाड्यावरून आणि चेहऱ्याच्या ठेवणीवरूनही तिला ओळखत असतो. म्हणून “मला तर तीच दिसते” हे आर्टिस्टचं म्हणणं खोटं नसतं, पण निर्णयासाठी त्याचा उपयोग नाही.

उपयोग आहे तो झाकून बघण्याचा. शॉटमधली एक फ्रेम काढा, भुवयांपासून हनुवटीच्या वरपर्यंत सपाट राखाडी लंबगोल ठेवून चेहऱ्याचा आतला भाग पूर्ण झाका. कलाकाराच्या खऱ्या फ्रेमवर, त्याच कोनातल्या, तेवढाच लंबगोल ठेवा. दोन्ही शेजारी लावून युनिटमधल्या अशा माणसाला दाखवा ज्याने हा शॉट पाहिलेला नाही. हेअरड्रेसर ताई यासाठी उत्तम, त्यांना डोक्याचा आकार हातांनी माहीत असतो. झाकलेल्या दोन फ्रेम एकाच बाईच्या वाटल्या तर तुमचा बिघाड चेहऱ्याच्या आतच आहे, फेस स्वॅपच सुधारा. वेगळ्या वाटल्या तर आत केलेली कुठलीही दुरुस्ती वाया जाणार. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे आणि तिने वाचवलेली रात्रपाळी मी मोजत बसलेलो नाही.

एक प्रकरण, सविस्तर

गोरेगावच्या चित्रनगरीत लागलेल्या एका मराठी मालिकेचा प्रसंग. नायिका खिडकीशी उभी आहे, हाक ऐकून वळते, दारापर्यंत चालत जाते आणि सासूशी बोलते. नायिकेला ज्या दिवशी दुसरीकडे जावं लागलं, त्याच दिवशी हा प्रसंग लागला, म्हणून डबलवर चित्रित झाला. नायिकेची आणि डबलची लेखी परवानगी आधीच घेतलेली होती. ती नसती तर मी फाइल उघडलीच नसती. चित्रण २५ फ्रेमवर, १९२० बाय १०८०.

प्रसंगात पाच शॉट होते. सासूच्या खांद्यावरून दिसणारे दोन शॉट जवळपास समोरून होते, डोकं डावी-उजवीकडे फार तर तीस अंश फिरत होतं, आणि सासूच्या खांद्याने डबलचा एक कान झाकला होता. तिथे फेस स्वॅप छान लागला, तक्रार आली नाही. दाराशी लांबून घेतलेल्या शॉटमध्ये डोकं इतकं लहान होतं की तिथेही चालून गेलं. भांडण उरलं ते खिडकीपासून वळण्याच्या शॉटवर आणि त्याच्या लगेच पुढच्या मध्यम शॉटवर.

वळण्याच्या शॉटमध्ये चेहरा पूर्ण बाजूने सुरू होतो. एक डोळा दिसतच नाही, त्यामुळे पाच बिंदूंपैकी दोन-तीन अंदाजाने बसतात आणि चेहरा नाकाभोवती पोहू लागतो. बाजूने बघताना माणूस ओळखू येतो तो कपाळ, नाक, हनुवटी यांच्या रेषेवरून, आणि ती रेषा मास्कच्या बरोबर कडेवर येते. फेस स्वॅप नाकाचा उंचवटा डबलच्या नाकाबाहेर फारसा काढू शकत नाही. शिवाय नायिकेचं कपाळ रुंद, मधोमध केसांची टोकदार रेघ खाली आलेली, जबडा चौकोनी. डबलची हनुवटी निमुळती आणि कपाळावर बटा. राखाडी लंबगोल लावून हेअरड्रेसर ताईंना दाखवलं, त्या म्हणाल्या, “ही कोण? आपल्या मॅडम नाहीत या.” निर्णय झाला: पुढच्या मध्यम शॉटला कात्री लावायची आणि वळण्याच्या शॉटला डोकं बदलायचं.

कात्री लावणं हाही उपायच आहे. संकलकाला विचारायला लाज वाटून घेऊ नका. एक हेड स्वॅप वाचला तर निर्माता तुमचे आभार मानतो, शॉट गेल्याचं दुःख फक्त कॅमेरामनला होतं.

डोकं तयार करायचे दोन रस्ते होते. पहिला, डीपफेसलॅब या चेहरे बदलण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फेस टाइप `wf` ऐवजी `head` निवडून नायिकेच्या जुन्या भागांवरून मॉडेल शिकवायचं. `wf` मध्ये केसांच्या रेघेपर्यंतचं कपाळ येतं, `head` मध्ये केसांसकट सगळं डोकं. पण मग शिकवायच्या प्रत्येक चित्रात केशरचना एकच हवी. काही भागांत अंबाडा, काही भागांत मोकळे केस असतील, तर मॉडेल दोन्हीची सरासरी काढतं आणि कानाजवळ ओल्या कापसासारखं काहीतरी तयार होतं. वर डोक्याचा मास्क हाताने आखून त्यातलं मास्क ओळखणारं एक्ससेग शिकवावं लागतं. जुन्या भागांत नायिका पूर्ण बाजूने क्वचितच दिसली होती, आणि जे साहित्यात नाही ते मॉडेल कुठून आणणार? हा रस्ता सोडला.

दुसरा रस्ता जुना आणि भरवशाचा: नायिकेला थोडा वेळ मागून तिचंच डोकं हिरव्या पडद्यासमोर चित्रित करायचं. ती सेटवर परतली तेव्हा दुपारच्या जेवणाच्या आधीचा अर्धा तास मिळाला. या अर्ध्या तासात काय जुळवायचं, यावर सगळा शॉट उभा राहतो.

सर्वांत आधी अंतर. मूळ शॉट कॅमेऱ्यापासून साडेतीन मीटरवर घेतल्याची नोंद सहायक कॅमेरामनच्या वहीत होती. तेवढ्याच अंतरावर, कॅमेरा तेवढ्याच उंचीवर. जागा कमी म्हणून दोन मीटरवरून घेऊन लेन्स बदलू, असं कुणीतरी सुचवतंच. चित्रातलं माप जुळेल, चेहरा जुळणार नाही. नाक आणि कान यांचं परस्पर प्रमाण अंतरावर ठरतं, लेन्सवर नाही. जवळून घेतलेलं डोकं लांबून घेतलेल्या धडावर ठेवलं की नाक पुढे येतं, कान मागे पळतात, आणि बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही तरी खटकतं.

मग उजेड. खिडकी तिच्या डाव्या बाजूला होती, आणि ती वळते तेव्हा उजेड गालावरून मानेकडे सरकतो. म्हणून नुसतं डोकं फिरवून चालत नाही, तिला मूळ शॉटमधल्यासारखं खांद्यांसकट वळायला लावलं. समोर मॉनिटरवर मूळ शॉट चालू ठेवला आणि सहायक दिग्दर्शकाने मोठ्याने आकडे मोजले, म्हणजे वळण्याची सुरुवात आणि शेवट त्याच आकड्यावर यावेत. दोन-चार फ्रेमचा फरक नंतर वेळ ताणून भरता येतो, अर्ध्या सेकंदाचा नाही. शटर मूळ शॉटप्रमाणे एक पन्नासांश सेकंद. तो बदलला असता तर वळताना डोक्याचा धूसरपणा आणि धडाचा धूसरपणा वेगळा पडला असता.

आणि ठुशी. डबलने मूळ शॉटमध्ये गळ्यालगत ठुशी घातली होती, याचा मला मनापासून आनंद झाला, कारण शिवण लपवायला याहून चांगली जागा नाही. मान नायिकेची ठेवायची आणि ठुशीच्या खाली डबल सुरू करायची. मान नायिकेचीच का, तर डोकं वळताना कानामागून गळ्याच्या खाचेकडे उतरणारा स्नायू ताणून वर येतो. फक्त हनुवटीपर्यंतचं डोकं लावलं आणि मान डबलची ठेवली, तर डोक्याचा कोन एक सांगतो आणि स्नायू दुसरंच सांगतो. नायिकेला तीच ठुशी घालायला लावली, म्हणजे मण्यांची सावलीही जागेवर पडली.

कॉम्पमध्ये, म्हणजे डोकं आणि धड एका चित्रात जोडताना, दोन गोष्टींनी वेळ खाल्ला. एक, माप. साहजिक मोह होतो तो डबलच्या चेहऱ्यावर नायिकेचा चेहरा ताणून बसवण्याचा, आणि तसं केलं की आपण पुन्हा फेस स्वॅपच्याच चुकीत शिरतो. माप खांद्यावरून काढायचं. दोघींना एकाच खुणेवर, एकाच कॅमेऱ्यासमोर उभं करून एकेक फोटो घेतलेला होता. त्यावरून कळलं की नायिकेचं डोकं डबलच्या डोक्यापेक्षा थोडं मोठं आहे, खांदे मात्र जवळपास सारखे. म्हणून डोकं मोठंच ठेवलं. पडद्यावर ते आधी विचित्र वाटलं, पण नायिकेच्या खऱ्या शॉटशेजारी ठेवल्यावर बरोबर निघालं.

दुसरी गोष्ट, वळण्याचा बिंदू. डोकं हनुवटीवर फिरत नाही, कवटी मणक्यावर जिथे टेकते तिथे फिरते, म्हणजे बाजूने बघताना साधारण कानाच्या पाळीच्या मागे. ट्रॅकचा अँकर हनुवटीवर ठेवला तर डोकं बाहुलीसारखं डुलतं. अँकर पाळीमागे नेला आणि डुलणं गेलं. त्यानंतर हनुवटीची मानेवर पडणारी सावली राहिली होती. ती नायिकेसोबत आलेलीच होती, पण ठुशीखालच्या डबलच्या त्वचेवर जुन्या हनुवटीची मंद छाया तशीच होती, ती काढून नवी रंगवावी लागली. शेवटी धडाच्या प्लेटमधला ग्रेन डोक्यावर चढवला.

पार्श्वभूमीने मात्र त्रास दिला नाही. कॅमेरा तिवईवर स्थिर होता आणि कुणीतरी शहाण्या माणसाने डबल यायच्या आधी रिकाम्या खिडकीचे दहा सेकंद घेऊन ठेवले होते. डबलच्या बटा नायिकेच्या डोक्याबाहेर जिथे डोकावत होत्या तिथे ती रिकामी चौकट घातली. खिडकीबाहेर नारळाची झावळी हलत होती, तेवढा एक भाग हाताने जुळवला.

डोकं बदलणं जिथे फसतं

हे वाचून प्रत्येक अडल्या शॉटला डोकं बदलायला निघू नका. केस मोकळे आणि खांद्यावर पसरलेले असतील तर डोकं आणि धड यांच्यामध्ये स्वच्छ सीमाच उरत नाही. नायिकेचे केस डबलच्या पदरावर टेकायला हवेत, त्यांची सावली तिथे पडायला हवी, चालताना ते पदराबरोबर सरकायला हवेत. मरीन ड्राइव्हवर वाऱ्यात घेतलेला असा शॉट माझ्याकडे आला तर मी आधी फेस स्वॅपवर भागतंय का तेच बघेन, आणि नाही भागलं तर दिग्दर्शकाला पाठमोरा शॉट सुचवेन. हातात धरलेला हलता कॅमेरा आणि मागे दादर स्टेशनची गर्दी असेल, तर जुन्या केसांमागची गर्दी नव्याने उभी करणं हेच स्वतंत्र काम होऊन बसतं. डबलने डोक्यावरून पदर घेतला असेल तर उलट सोपं जातं: केस आणि कान आधीच झाकलेले असतात, बाह्यरेषा पदराची असते, आणि साधा फेस स्वॅपही तिथे डोकं बदलल्याइतका पटतो. हेल्मेट आणि फेट्याचंही तसंच.

आणि अभिनय कुणाचा हवा हेही विचारा. फेस स्वॅपमध्ये डबलच्या चेहऱ्याची हालचाल टिकते, तिने भुवई उंचावली की नायिकेची भुवई उंचावते. चित्रित केलेलं डोकं लावलं की हावभाव पूर्णपणे नायिकेच्या त्या टेकचे. डबलने समोरच्याच्या बोलण्यावर दिलेली नजर हवी असेल, तर डोकं बदलून ती हातची जाते.

मोठ्या पडद्यावरही हाच हिशेब दिसतो. २०१० च्या ‘द सोशल नेटवर्क’मध्ये जुळ्या भावांसाठी आर्मी हॅमरचा चेहरा जॉश पेन्सच्या शरीरावर लावला. दोघांची शरीरयष्टी जवळची होती, केस एकसारखे केले होते, म्हणून चेहऱ्यावर भागलं. त्याआधी २००८ च्या ‘द क्युरिअस केस ऑफ बेंजामिन बटन’मध्ये बुटक्या चणीच्या कलाकारांच्या धडावर ब्रॅड पिटचं म्हातारं रूप हवं होतं. तिथे कवटी, कान, केस यांतलं काहीच जुळण्यासारखं नव्हतं, म्हणून संगणकावर अख्खं डोकं घडवावं लागलं.

तक्रार पुन्हा येऊ नये म्हणून

हा बिघाड पोस्टमध्ये वारंवार येतो, कारण तो डबल निवडताना घुसतो. निर्मितीचे लोक नाक-डोळे मिळतेजुळते असलेली मुलगी शोधतात, आणि नेमका तोच भाग आपण पुसून टाकणार असतो. डबल निवडायच्या फोटोंवरही राखाडी लंबगोल ठेवा आणि उरलेल्यावरून निवडा: जबड्याची रुंदी, कपाळाची उंची, कानांची ठेवण, मानेची लांबी, कानापासून खांद्यापर्यंतचं अंतर. नाक कसंही असू दे, फक्त कलाकारापेक्षा फार मोठं नको, कारण बाजूच्या शॉटमध्ये ते मास्कबाहेर डोकावतं. केसांची रेघ जुळत नसेल तर विग किंवा गंगावन लावून, कपाळावरच्या बटा मागे घेऊन सेटवरच जुळवा. हेअरड्रेसर ताईंची वीस मिनिटं पोस्टमधल्या हेड स्वॅपपेक्षा नेहमीच स्वस्त पडतात.

ज्या शॉटमध्ये चेहरा साठ अंशांपेक्षा जास्त वळणार आहे, त्यावर शॉटलिस्टमध्येच खूण करून ठेवा. त्या शॉटला कॅमेऱ्याचं अंतर, उंची, लेन्स आणि खिडकीची दिशा लिहून घ्या, रिकाम्या चौकटीचे दहा सेकंद घ्या, आणि दोघींचा एकाच खुणेवरचा फोटो घ्या. वेशभूषेच्या दादांना सांगून गळ्यालगतचं काहीतरी घालायला लावा. ठुशी नसेल तर बंद गळ्याचा ब्लाउज चालतो.